एका स्लाइडवर एकच पायरी, मग मोदकांच्या 19 स्लाइड कशा झाल्या?

वाचकाची प्रतिक्रिया: "तुमचा लेख वाचून इन्स्टाग्रामवर उकडीच्या मोदकांचं कॅरोसेल केलं. एका स्लाइडवर एकच पायरी, एकच सूचना. 'नारळ खवा', 'गूळ किसा', 'पाणी ओता', 'मीठ टाका', 'तूप टाका'... झाल्या 19 स्लाइड! बघणारा कंटाळून निघून जाईल. लोक काय बालवाडीत आहेत? चार पायऱ्या एका स्लाइडवर मावतात, तर तसं का करू नये?"

19 स्लाइड वाचून मलाही घाम फुटला. इन्स्टाग्राम आता 20 पर्यंत घेतं, म्हणजे तुम्ही काठावरून परत आलात. पण पायरी कशाला म्हणायचं हे मी लेखात नीट लिहिलं नव्हतं, ती चूक माझी. तुम्ही क्रियापदं मोजलीत, आणि माझा लेख वाचून कुणीही तेच केलं असतं.

मी पायरी ठरवतो ती नजरेवरून. माणूस फोनकडे बघतो, ओट्याकडे वळतो, काहीतरी करतो आणि पुढे काय म्हणून परत फोनकडे बघतो. या दोन नजरांच्या मधलं काम म्हणजे एक पायरी. पाणी, मीठ आणि तूप पातेल्यात घालताना कुणी तीनदा फोन बघत नाही, म्हणून "1 वाटी पाण्यात मीठ, तूप घालून उकळा" ही एकच पायरी. नारळ खवणं आणि गूळ किसणं या तर पायऱ्याच नाहीत. साहित्याच्या स्लाइडवर "खवलेला नारळ 2 वाट्या, किसलेला गूळ 1 वाटी" लिहिलं की ती तयारी तिथेच उरकते.

आता चार पायऱ्या एकत्र लिहिण्याबद्दल. समजा तुमची स्लाइड अशी आहे: "पाणी उकळलं की पिठी घाला, ढवळा, गॅस मंद ठेवा, झाकण ठेवून वाफ काढा." फोन डब्याला टेकवून उभा केलेला, वाचणारा हातभर लांब. तो "पिठी घाला"पर्यंत वाचतो आणि घालतो. गॅस मोठाच राहतो, उकड तळाला धरते. एकेक पायरी सुटी करताना हा क्रम चुकल्याचं आपसूक दिसतं. मग स्लाइड होते "गॅस मंद करून पिठी घाला, ढवळा", कारण हे काम एका दमात होतं, मध्ये नजर वर जात नाही. त्यानंतरची वेगळी: "झाकून 2 मिनिटं वाफ काढा."

उकड मळायच्या वेळी खरी पंचाईत होते. हात पिठात असतात, स्लाइड सरकवणार कशी? माझ्या पहिल्या कॅरोसेलवर तिथे "तेल-पाण्याचा हात लावून मळा" असं होतं. भाच्याला फोन देऊन मी गप्प बाजूला उभा राहिलो (त्याने आयुष्यात मोदक फक्त खाल्ले आहेत). त्याने गरम उकड परातीत काढली, हात घातला, मग तेल शोधायला निघाला. चिकट बोटांनी कपाट उघडलं, बरणी माखली, तोवर उकड गार होऊन पारीला चिरा पडायला लागल्या. सूचना बरोबर होती, फक्त ती एक स्लाइड उशिरा आली. आता वाफ येत असताना, म्हणजे हात मोकळे असताना, एक स्लाइड घातली आहे: "तेल आणि पाण्याच्या वाट्या परातीशेजारी ठेवा." गंमत बघा, तुमच्या स्लाइड कमी करायला बसलो आणि एक वाढवली.

तरी हिशेब 12 वर येतो. मुखपृष्ठ, साहित्य, सारण, पाणी उकळणं, पिठी, वाफ, वाट्या, मळणं, पारी, कळ्या, भरून मिटवणं आणि 10 ते 12 मिनिटं वाफवणं. कळ्यांना मी स्वतंत्र स्लाइड देतो, कारण नवखा तिथे सर्वांत जास्त वेळ थांबतो आणि फोटो निरखून बघतो. सारण भरणं मात्र मिटवण्याबरोबर गेलं, कारण पारी तळहातावर असताना कुणी फोनला हात लावत नाही.

स्लाइडवर शब्द पाच-सातच. "सारण कढई सोडू लागलं की झालं" ही खूण शब्दांत नको, फोटोत दाखवा. पिठी जुनी असेल तर पाणी जरा जास्त लागतं, असले बारकावे पोस्टखालच्या मजकुरात लिहा, तिथे 2,200 अक्षरं मिळतात.

एक मुद्दा तुमचा मान्य. ज्याला मोदक येतात आणि फक्त प्रमाण आठवत नाही, त्याला 12 स्लाइड म्हणजे छळ. त्याच्यासाठी शेवटी तेरावी स्लाइड ठेवा, त्यावर पूर्ण प्रमाण आणि क्रम बारीक अक्षरात. स्क्रीनशॉट तो तिचाच काढेल. पायऱ्यांच्या स्लाइडवर मात्र ती गर्दी आणू नका.

तुमचं नवं कॅरोसेल टाकण्याआधी घरातल्या कुणा नवख्याच्या हाती द्या आणि तो मागे कितीदा सरकवतो ते मोजा. जिथून तो मागे वळला, तिथली किंवा तिच्या आधीची स्लाइड परत लिहायची.