कास आणि ती 'न चुकणारी' तारीख

"कासला जायचं तर 15 सप्टेंबरच्या आसपासच जा. आधी गेलात तर नुसतं गवत, नंतर गेलात तर सगळं संपलेलं. ही तारीख कधी चुकत नाही."

साताऱ्याजवळच्या कास पठारावरच्या फुलांबद्दल हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. पण नुसतं गवत? ऑगस्टात पठारावर वाकून बघितलंत, तर गेंदाची पांढरी बटणं ओल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, हजारोंनी दिसतात. गाडीतून फोटो काढणाऱ्याला मात्र ती हिरवळच वाटते.

सप्टेंबर सरल्यावरही सगळं संपत नाही. गुलाबी-जांभळा रंग ओसरत असतो तेव्हा सोनकी पिवळी होत असते आणि ती ऑक्टोबरातही भेटते. म्हणजे कासला एक बहर नसतो, एकामागून एक येणाऱ्या लाटा असतात. तुम्हाला कुठला रंग बघायचाय, हे आधी ठरवा.

आता तारखेचं. कासचा सडा जांभ्याचा, वर मातीचा पातळ थर. त्यात पाणी साठून राहत नाही, त्यामुळे फुलांचं घड्याळ पावसाच्या हातात असतं. सीतेची आसवं घ्या. ही कीटकभक्षी वनस्पती, तिला सतत ओल लागते. सप्टेंबरच्या सुरुवातीला आठ-दहा दिवस कोरडं ऊन पडलं, तर सड्यावरची जांभळी चादर पंधरा तारखेआधीच विरते, खोलगट जागी तेवढी तग धरते. उलट पाऊस थांबलाच नाही तर ऊन मिळत नाही आणि बहर लांबणीवर पडतो. एकदा आम्ही 16 सप्टेंबरला गेलो, तर धुक्यात दहा फुटांपलीकडचं दिसेना. फुलं होती की नव्हती, देव जाणे!

मग बेत आखायचा कसा? रोज ठरावीक लोकांनाच आत सोडतात आणि शनिवार-रविवारी झुंबड उडते. म्हणून दहा दिवसांच्या अंतराने सोमवार ते शुक्रवारमधले दोन दिवस मोकळे ठेवा आणि तीन-चार दिवस आधी त्यातला एक नक्की करा. फेसबुकवरच्या फोटोंवर जाऊ नका, गेल्या वर्षीचेच फोटो फिरत असतात. साताऱ्यात मुक्कामाला जिथे उतरणार, तिथे फोन लावा. पण "फुलं आहेत का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर कायम "आहेत, या की!" हेच. विचारा, "पाऊस उघडून किती दिवस झाले? तेरड्याला शेंगा धरल्यात का?" तेरड्याची पिकलेली शेंग बोट लागताच फट्‌कन फुटते. फुलांपेक्षा शेंगाच जास्त असतील, तर गुलाबी गालिचा निघाला म्हणून समजा. तेव्हा दुसरी तारीख धरा आणि सोनकी बघायला जा.