पुन्हा तेच मंडेलांचे वाक्य

‘आपण अपुरे आहोत ही आपली सर्वांत खोल भीती नव्हे’ हे वाक्य भाषणाच्या क्लिपमध्ये आले, की खाली ‘नेल्सन मंडेला, 1994’ असे कॅप्शन टाकून मोकळे होणाऱ्यांपुढे आता मी हात टेकले आहेत. मंडेलांच्या 10 मे 1994 च्या शपथविधीच्या भाषणाची संहिता सहज मिळते आणि तिच्यात हे वाक्य नाही. ते मॅरिअन विल्यमसन यांच्या 1992 च्या ‘अ रिटर्न टू लव्ह’ या पुस्तकातले आहे. वक्ता स्वतःच मंडेलांचे नाव घेत असेल, तर सबटायटलमध्ये त्याचे शब्द जसेच्या तसे ठेवावेत, मात्र कॅप्शनमध्ये ‘वक्ता’ आणि ‘मूळ वाक्य’ अशा दोन वेगळ्या ओळी द्याव्यात. काल तर एकाने (कहरच!) वाक्य म्हणणाऱ्या वक्त्यालाच लेखक करून टाकले.