फरक १०,१६८ रुपयांचा, पण सापडला तो वेगळाच

बँक आणि कॅशबुक जुळवायच्या तक्त्यावरच्या माझ्या मागच्या लेखावर आलेली प्रतिक्रिया: "छोट्या मंडळाला एवढा तक्ता कशाला? बँकेची शिल्लक आणि कॅशबुकाची शिल्लक यांतला फरक काढा, 'बँक फरक' म्हणून एक नोंद टाका, संपलं. दोन्ही बाजूंच्या न जुळलेल्या नोंदी मांडत बसणं म्हणजे सीएगिरीची हौस."

काका, हौस असती तर रामबागेतल्या आमच्या मंडळाचे हिशेब मी रविवारी दुपारी, पोहे खाऊन डोळे मिटत असताना केले नसते. ३१ मार्चला कॅशबुकात ५२,४०० शिल्लक होती, स्टेटमेंटवर ६२,५६८. तुमच्या पद्धतीने १०,१६८ ची एक नोंद. आता तेच आकडे मांडून बघा.

| कॅशबुकात आहे, बँकेत नाही | बँकेत आहे, कॅशबुकात नाही |
|---|---|
| १८ डिसेंबर, टेंटवाल्याला चेक: १२,५०० खर्च | यूपीआय देणगी: २,१०० जमा |
| ३० मार्च, भरलेला चेक: ५,००० जमा | व्याज: ६४१ जमा |
| वीजबिल: १,८७२ खर्च | वीजबिल: १,८२७ खर्च |
| | बँकेचा आकार: ११८ खर्च |

वीजबिल दोन्हीकडे लटकलंय. लिहिताना २ आणि ७ ची अदलाबदल झाली, फरक ४५. अंकांची अशी उलटापालट झाली की फरकाला नेहमी ९ ने भाग जातो. पण १०,१६८ च्या ढिगाऱ्यात तो ४५ तुम्हाला दिसला असता का? समोरासमोर आला म्हणून दिसला.

उजवीकडच्या बाकीच्या नोंदी आणि वीजबिलाची ४५ ची दुरुस्ती धरून कॅशबुक ५५,०६८ वर येतं. बँकेच्या आकड्यातून टेंटवाल्याचे १२,५०० वजा केले, भरलेले ५,००० मिळवले, की तिथेही ५५,०६८. जुळलं! मीही इथेच वही मिटणार होतो.

पण तारीख बघा. चेक १८ डिसेंबरचा. २०१२ च्या १ एप्रिलपासून चेक तारखेपासून तीनच महिने चालतो, म्हणजे मार्चअखेर तो वटणं शक्यच नव्हतं. 'अजून वटला नाही' म्हणून तो बँकेच्या शिल्लकेतून वजा करणं चूक. कॅशबुकात तो परत जमा धरायचा आणि टेंटवाल्याच्या नावे १२,५०० देणं दाखवायचं. मग दोन्हीकडे ६७,५६८ येतात. फोन केला तर गडी म्हणाला, "अरे भैया, वो तो डायरी में ही रह गया." नवा चेक दिला.

भरलेल्या ५,००० चं तसं काही नव्हतं. १ एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी बंद, २ ला जमा झाले. पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये ते शोधून खूण केली, एवढंच.

एका गोष्टीत तुमचं बरोबर: मागच्या लेखातल्या तक्त्यात मी तारखाच दिल्या नव्हत्या, त्यामुळे तो नुसता पसारा वाटला. आता चेकांच्या तरी घातल्यात.