पिशवीचं तोंड ‘तीनच्या खाली’ आलं म्हणजे काय?

“मैत्रिणींनो, पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाची लांबी ३ सेंमीपेक्षा कमी आली तर सातव्या-आठव्या महिन्यातच डिलिव्हरी होते. लगेच टाका घालून घ्या आणि पूर्ण बेडरेस्ट घ्या. आतून सोनोग्राफी मात्र करू देऊ नका, बाळाला धक्का बसतो. सगळ्या गरोदर बायकांपर्यंत पोहोचवा.”

हा मेसेज सासूबाईंच्या फोनवर उघडूनच एक जण माझ्या टेबलासमोर बसली होती. वारज्याची, पहिलटकरीण, विसावा आठवडा. पुण्यातल्याच एका सेंटरमध्ये पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत लांबी २९ मिमी आली होती. टाक्याची तारीख ठरवायची घाई घरच्यांनाच जास्त झाली होती.

आधी त्या आकड्याचं बघू. अमेरिकेत १९९६ साली जवळपास तीन हजार गरोदर स्त्रियांची लांबी मोजून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. चोविसाव्या आठवड्यात सरासरी लांबी ३५ मिमी होती, आणि दर चौघींत एकीची ३० मिमी किंवा त्याहून कमी. म्हणजे या मेसेजच्या हिशेबाने चारातली एक बाई सातव्या-आठव्या महिन्यात बाळंत व्हायला हवी. तसं होत नाही. डॉक्टर सहसा २५ मिमीला सीमारेषा धरतात, आणि तीही धोका वाढल्याची खूण असते. त्या अभ्यासात २५ मिमी किंवा कमी लांबी असलेल्या दर १०० जणींमागे सुमारे १८ जणी पस्तिसाव्या आठवड्याआधी बाळंत झाल्या, बाकीच्या ८२ झाल्या नाहीत. लांबी जितकी कमी तितका धोका जास्त, त्यामुळे २४ आणि १० यांना एकाच मापाने तोलता येत नाही. उलट बाजूही आहे: पस्तीस आठवड्यांआधी बाळंत झालेल्यांपैकी बहुतेकींची लांबी २५ च्या वरच होती. ‘लांबी चांगली आहे’ म्हणून पाणी जाणं, रक्तस्राव किंवा ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा अंगावर काढू नयेत.

आता ‘आतून नको’. मेसेजमधलं सगळ्यात नुकसान करणारं वाक्य हेच. पोटावरून मोजताना लघवीची पिशवी भरलेली लागते, आणि भरलेली पिशवी तोंडाला दाबून लांब दाखवते. शिवाय बाळाचं डोकं आड आलं तर बाहेरचं टोक नीट दिसतच नाही. आतून मोजताना प्रोब योनीतच राहतो, पिशवीच्या तोंडात शिरत नाही, बाळापर्यंत जाण्याचा प्रश्नच नाही. वार खाली असली तरी ही तपासणी सुरक्षित मानतात.

पण तीही नीट करावी लागते. लघवी करून यायचं. प्रोब हलकेच टेकवायचा, कारण दाबला की लांबी फुगते; पुढचा आणि मागचा ओठ सारख्या जाडीचे दिसले की दाब योग्य आहे असं समजायचं. मग आतल्या टोकापासून बाहेरच्या टोकापर्यंत मोजायचं आणि तीन ते पाच मिनिटं थांबून तीन मापं घ्यायची. पिशवीचा खालचा भाग आखडला असेल तर तोंड खोटंच लांब दिसतं, म्हणून हे थांबणं. नीट आलेल्या मापांतलं सगळ्यात कमी धरायचं. घाईत एकच फोटो काढून दिलेल्या आकड्यावर माझा भरवसा नसतो.

वारज्याच्या ताईचं असं मोजलं तेव्हा २३, २२ आणि २१ आलं. म्हणजे काळजी खरी होती, पण २९ मुळे नव्हे. मेसेज ऐकून आतून तपासणी टाळली असती तर खरा आकडा कळलाच नसता.

मग टाका? एकच बाळ, आधी कधी वेळेआधी बाळंतपण नाही आणि तोंड नुसतंच आखूड, अशा बाईला टाक्याचा ठोस फायदा दिसलेला नाही. आधीचं बाळ चौतीस आठवड्यांआधी झालं असेल आणि आता चोविसाव्या आठवड्याआधी लांबी २५ च्या खाली गेली, तर मात्र टाका उपयोगी पडतो. तपासताना तोंड उघडलेलं दिसलं तर निर्णय वेगळा, जुळ्यांचा हिशेबही वेगळा. हिच्यासारखीसाठी पहिला उपाय म्हणजे प्रोजेस्टेरॉन, रात्री योनीत ठेवायची २०० मिलिग्रॅमची गोळी. २००७ च्या एका चाचणीत १५ मिमी किंवा कमी लांबी असलेल्यांमध्ये चौतीस आठवड्यांआधीची बाळंतपणं १०० मागे सुमारे ३४ वरून १९ वर आली. कमी झाली, संपली नाहीत.

बेडरेस्टचा फायदा कुठेच दिसलेला नाही. २०१३ च्या एका विश्लेषणात ३० मिमीपेक्षा कमी लांबी असलेल्या पहिलटकरणींपैकी ज्यांना हालचाल कमी करायला सांगितलं, त्यांच्यात ३७ टक्के वेळेआधी बाळंत झाल्या. बाकीच्यांत १७ टक्के. विश्रांतीनेच तसं झालं असं यावरून म्हणता येत नाही, कारण जास्त धोक्यातल्यांनाच झोपवून ठेवलं असू शकतं. पण महिनोन्‌महिने पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, हे नक्की.

त्या ताईला तिच्या डॉक्टरबाईंनी गोळी सुरू केली, टाका घातला नाही, ऑफिस चालू ठेवायला सांगितलं. दोन आठवड्यांनी पुन्हा मोजलं तर २०. पुढे अडतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. गोळीने तारलं की ती मुळातच त्या ८२ मधली होती, हे तिच्या बाबतीत कुणीच सांगू शकणार नाही. सासूबाई म्हणतात, दोन्ही असेल.