नवीन अकाउंट काढू नका, जुन्याचाच देश बदला

आज दुपारी शेजारच्या काकू सांगत आल्या, मुलगा कतारहून कायमचा परत आलाय, त्याच्या आयफोनवर ॲपचे पैसे भरता येत नाहीत म्हणून बाजारपेठेतल्या दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, "जुनं ॲपल अकाउंट काढून टाकतो, भारताचं नवीन करून देतो, पाचशे रुपये." ऐकूनच माझं डोकं फिरलं. जूनमध्ये दादाला अश्शाच एका दुकानात हेच सांगितलं होतं आणि तेव्हा आमच्या घरात काय झालं ते मी पाहिलंय.

दादा चौदा वर्षं दुबईत होता. फोनमध्ये रत्नागिरीचं सिम घातलं, पण ॲप स्टोअर दुबईचंच राहिलं. स्टोअर सिमवर ठरत नाही, अकाउंटवर जो देश लिहिलाय त्यावर ठरतं. भाव दिरहममध्ये, दुबईच्या बँकेचं कार्ड बंद झालेलं, आणि आपलं यूपीआय तिथे घेत नाहीत. त्या दुकानदाराने दादाला फोनमधून पूर्ण साइन आउट केलं आणि नवीन अकाउंट टाकून दिलं. रात्री दादा पडवीत फोन घेऊन बसला होता. बाहेर पाऊस धो धो. मला म्हणाला, "गो, चिमीच्या बारशाचे फोटो दिसत नाहीत." त्या बारशाला तो इथे नव्हता. ते फोटो म्हणजेच त्याचं बारसं. पन्नाशीचा माणूस, आवाज फुटत नव्हता त्याचा.

फोटो गेले नव्हते, जुन्या अकाउंटच्या क्लाउडवर होते. जुन्याने परत साइन इन केलं, फोन रात्रभर वायफायवर ठेवला आणि सकाळी ते आले. पण ती रात्र मी विसरणार नाही. वर त्याने वर्षभराचे पैसे भरलेलं इंग्रजी शिकायचं ॲप नव्या अकाउंटवर पुन्हा पैसे मागत होतं. विकत घेतलेलं सगळं त्या त्या अकाउंटला बांधलेलं असतं, हे पाचशे रुपये घेणाऱ्याला माहीत नसावं?

मग आम्ही दोघांनी बसून जुन्याच अकाउंटचा देश बदलायला घेतला. Settings मध्ये वर आपलं नाव, मग Media & Purchases, View Account, आणि तिथे Country/Region. एवढंच. पण तिथे दोन गोष्टी अडवतात.

पहिली, शिल्लक. गिफ्ट कार्डाचे २७ दिरहम २४ फिल्स पडून होते. त्यांचे रुपये होत नाहीत, ते आधी संपवावेच लागतात. दादाने २४.९९ चं एक ॲप घेतलं आणि उरले २ दिरहम २५ फिल्स. एवढ्यात त्याला घेण्यासारखं काही मिळेना, आणि शून्य झाल्याशिवाय देश बदलेना! अशा वेळी ॲपलच्या सपोर्टला सांगायचं, उरलेली रक्कम काढून टाका म्हणून. दादाला त्या सव्वादोन दिरहमचंही वाईट वाटत होतं. कमावलेले होते ना. मी म्हटलं, सोड आता.

दुसरी अडचण सबस्क्रिप्शनची, आणि इथे लोक हमखास फसतात. रद्द केलं म्हणजे संपलं असं नसतं. भरलेली मुदत पुरी व्हावी लागते. दादाचं इंग्रजीचं ॲप वर्षाचं, मुदत १९ सप्टेंबरपर्यंत. म्हणजे आज रद्द करायचं, तोवर वापरायचं आणि मग देश बदलायचा. मासिक असतं तर महिन्यात मोकळे झालो असतो. म्हणून परत यायचं ठरलं की निघायच्या आधीच वार्षिक सबस्क्रिप्शन रद्द करून ठेवा, तिकीट काढता त्याच दिवशी. फॅमिली शेअरिंगमध्ये असाल तर तिथूनही आधी बाहेर पडावं लागू शकतं.

मान्य, प्रत्येक देशाचा भाव वेगळा, कर वेगळा, त्यामुळे काही नियम लागणारच. आणि हेही खरं, की घाईच असेल तर फक्त Media & Purchases मधून बाहेर पडून तिथे दुसरं अकाउंट टाकता येतं, क्लाउड जुनंच ठेवून. त्याने फोटोंना धक्का लागत नाही. पण दोन अकाउंटं कायम सांभाळायची, अपडेटला कधी याचा पासवर्ड, कधी त्याचा. दादाला ते नको होतं.

काकूंच्या मुलाला मी फोन केला, दुकानात होता, म्हटलं आधी बाहेर ये. तो आला, बरं झालं. त्याच्याकडे सबस्क्रिप्शन एकच, मासिक. शिल्लक शून्य. त्याने रद्द केलंय, महिना संपला की इथला पत्ता, पिनकोड टाकून यूपीआय जोडेल. कतारच्या बँकेचं ॲप मात्र आधीच फोनवर उतरवून ठेव म्हटलं, कारण इथल्या स्टोअरवर ते असेलच असं नाही आणि त्याचा शेवटचा पगार अजून तिकडे यायचाय.

दादाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर १९ सप्टेंबरला पेनाने गोल केलाय. आत्ता ओटीवर बसून चिमीला तेच बारशाचे फोटो दाखवतोय.