बिननावाचा ‘तो’

“पात्राला नावच दिलं नाही, तर वाचकाला त्याच्याबद्दल काही वाटेल का?”

वाटेल, पण त्याला काय म्हणता यावर ते ठरतं. नागपूरच्या सीताबर्डीवर घडणारी कथा घ्या. ‘रिक्षावाला चिल्लर मोजत होता’ लिहिलं की तो गर्दीतला एक होतो. ‘तो चिल्लर मोजत होता, पोरीच्या फीला अजून ४० कमी होते’ इथे आपण त्याच्या डोक्यात शिरतो. शिवाय आडनाव आलं की बरेच वाचक आधी जात जोखतात. ते गाळलं की आधी माणूस दिसतो. (बोलीतून जात डोकावते, ते वेगळं.) गडबड होते ती सवारी बसल्यावर. दोन ‘तो’ एकाच परिच्छेदात आले, की कोण बोललं हे शोधायला वाचक मागे जातो आणि गुंतलेला जीव सुटतो. अशा वेळी नाव सवारीला द्या, याला ‘तो’च राहू द्या, नजर मात्र शेवटपर्यंत याचीच हवी.