पडीक शेत शून्यापासून सुरू होत नाही

"शेत पडीक टाकलं की निसर्ग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. आधी दगडफूल, मग शेवाळ, मग गवत, मग झुडपं, मग झाडं. प्रत्येक वनस्पती पुढचीसाठी माती तयार करते आणि बाजूला होते. माणसाने हात लावला नाही, की शेवटी मूळचं जंगल परत येतंच."

हे सर्रास ऐकायला मिळतं, पण यातली दगडफूल-शेवाळाची पायरी पडीक शेताची नाहीच. ती उघड्या खडकाची आहे. जिथे माती कधी नव्हती किंवा पार नाहीशी झाली, तिथे एकामागून एक वनस्पती येण्याचा जो क्रम घडतो, ते प्राथमिक अनुक्रमण. अलास्कातल्या ग्लेशियर बे इथे साधारण 1750 नंतर हिमनदी मागे सरकत गेली आणि मागे नुसता दगडगोट्यांचा चुरा उरला. त्यात नायट्रोजन जवळजवळ नसतो. तिथे आधी सूक्ष्मजीवांचा काळपट थर धरतो, मग ड्रायस नावाची जमिनीलगत पसरणारी वनस्पती येते, मग आल्डरची झुडपं. आल्डरच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात, आणि पुढे स्प्रूसचे उंच वृक्ष उभे राहतात. हे सगळं व्हायला शतकं लागतात, कारण माती बनण्यातच बराचसा वेळ जातो.

शेतात माती तयारच असते. धूप होऊन ती कितीही निकृष्ट झाली, तरी तिच्यात कुजलेला पाला, जिवाणू, बुरशी, गांडुळं आणि तणांच्या बियांचा साठा शिल्लक असतो. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी 1879 मध्ये मिशिगनमध्ये बाटल्यांत घालून पुरलेल्या तणबियांपैकी काही 2021 मध्येसुद्धा उगवल्या. म्हणून नांगर थांबल्यावर जे सुरू होतं त्याला दुय्यम अनुक्रमण म्हणतात. तिथे पहिल्याच हंगामात जमीन हिरवी होते.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: प्रत्येक वनस्पती पुढचीसाठी वाट मोकळी करते हा. ऐकायला तो छान वाटतो, म्हणूनच बहुधा इतका पसरतो. पण तो तपासून पाहिला गेला आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या पीडमाँट भागात कापूस आणि मक्याची असंख्य शेतं ओसाड पडली होती. तिथला क्रम ठरलेला दिसायचा. शेवटच्या पिकानंतरच्या पहिल्या पूर्ण उन्हाळ्यात हॉर्सवीड नावाचं उंच तण, दुसऱ्या वर्षी पांढऱ्या फुलांचं अ‍ॅस्टर, तिसऱ्या वर्षापासून ब्रूमसेज नावाचं झुबकेदार गवत. हाच क्रम का, याचा शोध कॅथरीन कीवर यांनी घेतला. त्यांचं काम 1950 मध्ये प्रसिद्ध झालं.

उत्तर मिळालं ते मुख्यतः बियांच्या वेळापत्रकात. हॉर्सवीडचं बी उन्हाळा सरता सरता पिकतं, वाऱ्यावर उडून येतं आणि त्याच शरद ऋतूत उगवतं. जमिनीला चिकटलेल्या पानांच्या चकतीच्या रूपात रोप थंडी काढतं आणि पुढच्या उन्हाळ्यात माणसाच्या उंचीला जातं. अ‍ॅस्टरचं बी त्याच्यानंतर, थंडीच्या तोंडावर पिकतं आणि वसंतात उगवतं. पहिलं वर्ष ते रोप लहानच राहतं आणि दुसऱ्या वर्षी फुलतं. ब्रूमसेजच्या बीला उगवण्याआधी थंडी लागते. शिवाय आधी आलेली थोडी रोपं मोठी होऊन बी टाकू लागली, की मगच त्याचं रान माजतं. म्हणजे तिघांचा प्रवास जवळपास एकाच सुमारास सुरू होतो, फक्त प्रत्येकाचं वयात येणं वेगळ्या वर्षी पडतं.

आणि हॉर्सवीड अ‍ॅस्टरसाठी काही तयार करतं का? उलट. त्याची सावली आणि कुजणारी मुळं अ‍ॅस्टरची वाढ खुंटवतात. त्या कुजणाऱ्या मुळांचा त्रास हॉर्सवीडच्या स्वतःच्या पुढच्या पिढीलाही होतो, त्यामुळे दुसऱ्या वर्षी त्याची रोपं खुरटी राहतात. अ‍ॅस्टर जिंकतं ते हॉर्सवीडच्या मदतीने नव्हे, तर त्याच्या त्रासाला पुरून उरून. पुढे कोरड्या दिवसांत पाण्यासाठी झोंबाझोंबी लागली, की ब्रूमसेज अ‍ॅस्टरला हटवतं.

गवत असतानाच पाइनचं पंख असलेलं बी वाऱ्याने येऊन रुजतं. दहा-पंधरा वर्षांत पाइनच्या शेंड्यांचं छत मिटतं आणि सावलीत ब्रूमसेज मरतं. पण त्याच सावलीत पाइनची स्वतःची रोपंही जगत नाहीत, ओक आणि हिकरीची जगतात. त्यामुळे अशा रानाचं भविष्य पाहायचं तर वर न बघता खाली, रोपांकडे बघावं. डोक्यावर सगळा पाइन आणि पायाशी ओकची पोरं, असं दिसलं तर पुढच्या शतकाची दिशा कळते. पाइनने ओकसाठी काही सोडलेलं नसतं. ओकला कमी उजेड चालतो, एवढंच.

मदतीची भूमिका कुठेच नसते असं मात्र मी म्हणत नाही. ग्लेशियर बेमधला आल्डर खरोखर माती सुधारतो, पण दाट आल्डरखाली स्प्रूसची रोपं दबतातही. जोसेफ कॉनेल आणि राल्फ स्लॅटियर या परिसंस्था-अभ्यासकांनी 1977 मध्ये तीन शक्यता वेगळ्या मांडल्या: आधीची वनस्पती नंतरचीला मदत करते, नंतरची तिला नुसती सहन करते, किंवा आधीची नंतरचीला अडवते. उघड्या खडकावर पहिलीचा वाटा मोठा असण्याची शक्यता जास्त. पडीक शेतात उरलेल्या दोन्हींचा हात बराच असतो.

राहिलं मूळचं जंगल. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात 1882 मध्ये ब्रॉडबाल्क शेताच्या एका टोकाचा उभा गहू न कापता सोडून दिला. माणसाने निवडून वाढवलेल्या गव्हाची चार वर्षांत जेमतेम काही खुरटी रोपं उरली. आज तिथे अ‍ॅश, सिकमोर आणि हॉथॉर्नचं रान आहे. जवळच्याच गीसक्रॉफ्टचा तुकडा 1886 पासून मोकळा सोडला आहे. तिथेही रान झालं, पण ओकचं प्राबल्य असलेलं, आणि जमिनीलगतची हिरवळ विरळ. दोन्हीकडची हवा आणि पाऊस एकच. फरक शेतकऱ्यांच्या हातचा होता: ब्रॉडबाल्कमध्ये पूर्वी भरपूर खडू मिसळला होता, त्यामुळे ती माती अल्कधर्मी राहिली, तर गीसक्रॉफ्टच्या मातीचा सामू 7 च्या आसपासहून साडेचारच्या जवळ उतरला. ब्रॉडबाल्कच्याच एका पट्टीत दरवर्षी झुडपं उपटली जातात, आणि तिथे शंभर वर्षांनंतरही झाड नाही.

कोकणातल्या ओसाड वरकस जमिनीकडे बघताना हे उपयोगी पडतं. बांधावर ऐन-किंजळाचे खुंट जिवंत असतील, तर झाडं बियांची वाट न बघता खुंटातूनच फुटतात. तिथे वणवा आणि गुरं रोखली तरी बरंच काम होतं. पण सगळीकडे रानमोडीची दाट झुडपं माजली असतील, दर उन्हाळ्यात आग फिरत असेल आणि आसपास बी देणारं झाड नसेल, तर नुसतं सोडून दिल्याने वर्षानुवर्षं रानमोडीच राहू शकते. पावसाळा संपल्यावर त्या जाळीत वाकून झाडांची रोपं शोधावीत. सापडली तर त्यांच्याभोवतीची रानमोडी कापावी, नाही सापडली तर रोपं बाहेरून आणून लावावी लागतील.